आउटबॉक्समध्ये अडकलेला मेल : चूक न दाखवता रांग थांबते तेव्हा

वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यातून गेल्या पावसाळ्यात फोन आला. तिथले कार्यालयीन काम पाहणाऱ्या ताई म्हणाल्या, "कालपासून एकय मेल जाऊक नाय, आणि चूक काय ती पण सांगणा नाय." बाहेरून येणारे मेल मात्र व्यवस्थित येत होते, इंटरनेट चालू होते आणि पासवर्ड कोणी बदललेला नव्हता. संगणकाच्या पडद्यावर कोणतीही लाल खूण नव्हती आणि सूचनेची चौकटही नव्हती. फक्त डाव्या बाजूच्या यादीत आउटबॉक्सच्या नावापुढे सात हा आकडा स्थिर उभा होता. अशा वेळी दोष बहुधा इंटरनेटचा किंवा पासवर्डचा नसतो. रांगेतला एखादा अवजड किंवा बिघडलेला मेल वाट अडवून बसलेला असतो आणि त्याच्यामागचे निर्दोष मेल खोळंबलेले असतात. तो एक मेल शोधून सुरक्षितपणे बाजूला कसा काढायचा, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

हे विवेचन विंडोज संगणकावरील क्लासिक आउटलुकपुरते आहे, म्हणजे वरच्या पट्टीत `File` आणि `Send / Receive` असे टॅब दिसणाऱ्या जुन्या पद्धतीच्या आउटलुकपुरते. खाते पॉप, म्हणजे सर्व्हरवरचे मेल संगणकावर उतरवून घेणारे, किंवा आयमॅप, म्हणजे मेलची मूळ प्रत सर्व्हरवरच ठेवणारे आहे, असे मी धरून चालतो. आपल्याकडच्या लहान उद्योगांत आणि पर्यटक निवासांत स्वतःच्या डोमेनचा मेल बहुतेक ठिकाणी असाच जोडलेला आढळतो.

मेल का थांबतो आणि चूक का दिसत नाही

`Send` दाबल्याबरोबर मेल समोरच्याकडे निघून गेला, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो आधी आपल्याच संगणकावरील आउटबॉक्समध्ये जाऊन बसतो. तेथून आउटलुक पाठवणाऱ्या सर्व्हरशी जोडणी करते आणि रांगेतले मेल एकामागून एक त्याच्या हाती देते. एक मेल पूर्ण पोहोचून सर्व्हरने "मिळाला" असे उत्तर दिले, की मगच तो मेल आउटबॉक्समधून उचलला जातो आणि पुढच्याची पाळी येते. एसटीच्या तिकीट खिडकीसारखेच हे आहे. पुढच्या माणसाचा हिशेब पुरा होईपर्यंत मागच्याला सरकता येत नाही.

अवजड मेल चढत असताना मध्येच जोडणी तुटली, तर सर्व्हरकडे अर्धवट पोहोचलेला भाग टाकून दिला जातो आणि पुढच्या खेपेला आउटलुक तोच मेल पुन्हा पहिल्या बाइटपासून पाठवू लागते. जेथून तुटले तेथून पुढे चालू ठेवण्याची सोय नेहमीच्या मेलमध्ये नसते. आउटलुक साधारणपणे दर अर्ध्या तासाने आपणहून पाठवण्याचा प्रयत्न करते, त्यामुळे हे चक्र दिवसभर फिरत राहते, आणि प्रत्येक खेपेला जोडणी तुटल्यामुळे मागच्या मेलांची पाळी येतच नाही.

चूक न दिसण्याचे कारण आणखी साधे आहे. पाठवणीची प्रगती दाखवणारी एक चौकट आउटलुकमध्ये असते आणि चुका तिच्या `Errors` या भागात नोंदल्या जातात. मात्र त्याच चौकटीत खाली "पाठवताना ही चौकट दाखवू नका" अशा अर्थाची एक खूण असते. कामात अडथळा नको म्हणून कोणीतरी कधीतरी ती खूण केलेली असते आणि नंतर विसरलेली असते. म्हणून पहिले काम म्हणजे ती चौकट उघडून पाहणे. `Send / Receive` या टॅबवर जाऊन `Show Progress` दाबावे. `0x8004210B` हा क्रमांक तेथे दिसला, तर पाठवणाऱ्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहून वेळ संपली, असा त्याचा अर्थ होतो. `552` ने सुरू होणारे उत्तर दिसले, तर बहुतेक वेळा मेल सर्व्हरच्या मर्यादेपेक्षा मोठा असल्याचे कळते. दोन्हीपैकी काहीच दिसत नसेल आणि प्रगतीची पट्टी एकाच जागी बराच वेळ थांबलेली असेल, तर प्रयत्न अजून संपलेलाच नाही. जो प्रयत्न संपलेला नाही त्याची चूक नोंदली जाणार तरी कशी?

हात लावण्यापूर्वी एक खात्री

त्याच खात्यावरून मोबाइलने किंवा ब्राउझरमधील वेबमेलने स्वतःलाच दोन ओळींचा मेल पाठवून पाहावा. तो मिळाला, तर खाते, पासवर्ड आणि सर्व्हर हे तिन्ही ठीक आहेत आणि अडचण या संगणकावरील आउटबॉक्सचीच आहे. तो मेलही गेला नाही, तर अडचण वेगळी आहे आणि पुढील पायऱ्यांनी ती सुटणार नाही. त्यासाठी मेलसेवा देणाऱ्याकडेच विचारणा करावी लागेल. आउटलुकच्या खालच्या पट्टीत उजवीकडे `Working Offline` असे लिहिलेले नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे. वीज जाऊन आल्यावर घाईत कोणाचा तरी हात त्या बटणावर पडलेला असतो, आणि मग तासभर शोध घेऊन उत्तर एका क्लिकचे निघते. हा अनुभव मला एकदा नव्हे, तीनदा आला आहे.

आधी रांग थांबवावी

आउटबॉक्समधील मेल सरळ निवडून डिलीट करायला गेल्यास बहुतेकदा आउटलुक नकार देते आणि मेल पाठवायला सुरुवात झाली आहे, अशा अर्थाचा संदेश दाखवते. त्यात चूक काही नाही, कारण तो मेल त्या क्षणी पाठवणीच्या ताब्यात असतो. म्हणून आधी पाठवणी थांबवावी आणि नंतरच मेलला हात लावावा.

`Send / Receive` टॅबवर `Work Offline` दाबावे. खालच्या पट्टीत `Working Offline` दिसू लागले, की आउटलुक बंद करावे. बंद केल्यावर लगेच पुन्हा उघडू नये, कारण खिडकी नाहीशी झाली तरी चालू असलेला प्रयत्न संपेपर्यंत आउटलुक पडद्यामागे काही वेळ चालूच राहते. `Ctrl+Shift+Esc` दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि `Details` मध्ये `OUTLOOK.EXE` हे नाव यादीतून जाईपर्यंत थांबावे. पाच मिनिटे होऊनही ते नाव हटले नाही, तर नेटची वायर काढावी किंवा वाय-फाय बंद करावे, म्हणजे अडकलेला प्रयत्न आपोआप तुटतो. प्रक्रिया जबरदस्तीने बंद करण्याचा मार्ग शेवटी ठेवावा, कारण आउटलुक सगळे मेल ज्यात साठवते त्या डेटा फाइलमध्ये त्या क्षणी लेखन चालू असेल तर बिघाड आणखी वाढू शकतो. त्यानंतर आउटलुक पुन्हा उघडावे. ते ऑफलाइन स्थितीतच उघडते, कारण ही निवड आउटलुक लक्षात ठेवते.

आता `View` टॅबमध्ये जाऊन `Reading Pane` हे `Off` करावे. आउटबॉक्सवर क्लिक करताच पहिला मेल उजवीकडे आपोआप उघडून दिसतो, आणि तोच बिघडलेला असेल तर आउटलुक तेथेच गोठू शकते.

गुन्हेगार ओळखणे

आउटबॉक्स उघडावा, पण त्यातील एकही मेल दोनदा क्लिक करून उघडू नये. हा इशारा नवख्याला अनावश्यक वाटतो, पण निम्मा गोंधळ येथूनच सुरू होतो. आउटबॉक्समध्ये पाठवणीसाठी सज्ज असलेल्या मेलचे नाव तिरप्या अक्षरांत दिसते. तो मेल उघडून पाहिला आणि `Send` न दाबता बंद केला, की अक्षरे सरळ होतात आणि आउटलुक त्या मेलला पाठवायचा मेल मानणे सोडून देते. असा मेल आउटबॉक्समध्ये बसलेला दिसतो, पण तो कधीच जात नाही आणि त्याबद्दल कोणतीही चूकही दाखवली जात नाही. म्हणजे मेल अडकला आहे का, हे तपासायला गेलेला माणूस आणखी एक मेल अडकवून येतो.

`Size` या स्तंभाच्या शीर्षकावर क्लिक करून मेल आकाराप्रमाणे लावावेत. स्तंभ दिसत नसेल तर शीर्षकांच्या पट्टीवर उजवे क्लिक करून `Field Chooser` मधून तो ओढून आणता येतो. शंभर केबीच्या आतील मेलांमध्ये एखादा पंधरा-अठरा एमबीचा असेल, तर संशय सरळ त्याच्यावर. सगळेच लहान असतील, तर तारखेप्रमाणे लावावे आणि सर्वांत जुना मेल पाहावा. अडथळा ज्याच्यापासून सुरू झाला तो बहुधा रांगेत सर्वांत आधीचा असतो. शून्य आकार दाखवणारा, पत्ता किंवा विषय कोरा असलेला, किंवा ज्याच्यावर नुसते क्लिक केल्यावरही आउटलुक अडखळते असा मेल बिघडलेला समजावा.

आकार दिसतो त्यापेक्षा वाटेत मेल मोठा होतो, हेही येथे समजून घ्यावे. मेलचा मार्ग मुळात साध्या अक्षरांसाठी बनलेला असल्यामुळे अटॅचमेंट अक्षरांच्या रूपात गुंडाळून पाठवली जाते. या गुंडाळणीत दर तीन बाइटांचे चार होतात, आणि ओळी तोडण्याचा खर्च धरून एकूण आकार सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो. दहा एमबीची फाइल वाटेत चौदा एमबीच्या जवळ जाते. इंटरनेट खात्यांसाठी आउटलुक स्वतः साधारण २० एमबीच्या पुढच्या अटॅचमेंट जोडताना नकार देते, पण ते मोजते गुंडाळण्यापूर्वीचा आकार. १८ एमबीचा मेल त्यामुळे बिनतक्रार स्वीकारला जातो आणि वाटेत मात्र पंचवीस एमबीचा होऊन सर्व्हरच्या दारात उभा राहतो. कित्येक सर्व्हरची मर्यादा त्याहून कमी असते. म्हणून आपल्या मेलसेवेची मर्यादा एकदा विचारून घ्यावी आणि अटॅचमेंटची एकूण बेरीज त्या आकड्याच्या सत्तर टक्क्यांच्या आत ठेवावी.

बाजूला काढणे

संशयित मेल डिलीट करण्याची घाई करू नये, कारण तो आपणच लिहिलेला असतो आणि त्याची प्रत दुसरीकडे कोठेही नसण्याचा संभव असतो. डेस्कटॉपवर एक रिकामा फोल्डर उघडून ठेवावा आणि मेल न उघडता आउटबॉक्समधून उचलून त्यात ओढावा. `.msg` या प्रकारची एक प्रत तेथे तयार होते. येथेच एक चाचणीही आपोआप होते. अवजड पण निरोगी मेलची प्रत सहज बनते. बिघडलेल्या मेलची प्रत बनवताना आउटलुक अडखळते किंवा सरळ नकार देते.

प्रत झाली, की मूळ मेल आउटबॉक्समधून `Drafts` मध्ये ओढावा. मग `Work Offline` पुन्हा एकदा दाबून आउटलुक ऑनलाइन आणावे, `Show Progress` ची चौकट समोर ठेवावी आणि `F9` दाबावे. अडथळा खरोखर तोच असेल, तर उरलेले मेल सेकंदांत निघू लागतात आणि आउटबॉक्सच्या पुढचा आकडा डोळ्यांदेखत उतरतो.

बाजूला काढलेला मेल परत आउटबॉक्समध्ये ओढून ठेवण्याने काहीही साधत नाही, कारण बाहेर काढताच त्याची पाठवणीची खूण पुसली जाते. तो `Drafts` मधूनच उघडून नव्याने `Send` दाबावा लागतो. याच कारणासाठी सगळा आउटबॉक्स एकदम रिकामा करू नये, नाहीतर निरोगी मेलही एकेक करून पुन्हा पाठवत बसावे लागेल.

वेंगुर्ल्यातील उदाहरण

त्या कारखान्यातील सात मेलांपैकी पाच मेल चाळीस ते साठ केबीचे होते. सहावा दोन एमबीचा होता आणि सातवा १८.४ एमबीचा. हा सातवा मेल मुंबईच्या एका व्यापाऱ्याला पाठवायचा होता. त्यात काजूगराच्या प्रतवारीचे, म्हणजे डब्ल्यू १८०, डब्ल्यू २१०, डब्ल्यू २४० आणि डब्ल्यू ३२० या आकारांच्या गरांचे मोबाइलने काढलेले चार फोटो होते. एका पौंडात साधारण किती अख्खे गर बसतात, त्यावरून हे आकडे पडतात, म्हणून आकडा जितका लहान तितका गर मोठा. प्रत्येक फोटो तीन एमबीचा होता. शिवाय दरपत्रकाचे रंगीत स्कॅन ३०० डीपीआयवर केलेले होते आणि ते एकटेच साडेसहा एमबीच्या आसपास भरत होते.

कारखान्यातल्या जोडणीचा वर चढवण्याचा वेग मी मोजून पाहिला, तर तो त्या दिवशी ०.६ एमबीपीएसच्या आसपास निघाला. डाउनलोडचा वेग बरा होता, म्हणून मेल येण्यात काही अडचण नव्हती. हिशेब मांडला असता १८.४ एमबीचा मेल गुंडाळल्यानंतर सुमारे २५.२ एमबीचा होतो, म्हणजे जवळजवळ २०२ मेगाबिट, आणि ०.६ एमबीपीएसने ते चढायला साडेपाच मिनिटांहून अधिक वेळ लागतो. पावसाळ्याच्या दिवसांत त्या भागात साडेपाच मिनिटे जोडणी न तुटता टिकणे हेच अवघड होते. प्रत्येक खेपेला तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ती तुटत होती आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात होत होती. प्रगतीची चौकट दाखवू नये अशी खूण तेथेही केलेली होती. ती उघडल्यावर `0x8004210B` च्या ओळी एकाखाली एक रचलेल्या सापडल्या.

वर सांगितल्याप्रमाणे रांग थांबवून तो मेल `Drafts` मध्ये काढला आणि `F9` दाबले. सहांपैकी पाच मेल मिनिटभरात गेले. सहावा, दोन एमबीचा मेल मात्र तसाच उभा राहिला, आणि क्षणभर मलाही वाटले की दुसरा एखादा बिघाड आहे. नीट पाहिल्यावर त्याचे नाव सरळ अक्षरांत दिसले. "ताई, हा मेल तुम्ही उघडून पाहिलात का?" असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "होय तर, गेलो काय नाय ता बघूक उघडलंय." तो मेल उघडून पुन्हा `Send` दाबल्यावर लगेच गेला.

मग मोठ्या मेलकडे वळलो. फोटो जोडलेला मेल उघडून `File` मध्ये गेल्यावर `Info` या पानावर मोठे फोटो पाठवताना लहान करण्याचा पर्याय मिळतो. त्याने फोटो १०२४ बाय ७६८ च्या मापात बसवले जातात, आणि गराचा रंग व आकार पाहण्यासाठी ते पुरेसे असते. चारही फोटो मिळून एक एमबीच्या आसपास आले. दरपत्रक तर काळ्या अक्षरांतलेच होते, त्याला रंगाची गरज नव्हती. ग्रेस्केलमध्ये १५० डीपीआयवर पुन्हा स्कॅन केल्यावर ते एक एमबीच्या आत बसले. एकूण दोन एमबीचा झालेला मेल पाऊण मिनिटाच्या आत गेला.

पाठवण्यापूर्वी आम्ही एक गोष्ट आवर्जून केली. त्या व्यापाऱ्याला फोन करून आधीचा मेल मिळाला आहे का, हे विचारले. मिळालेला नव्हता. पण कधीकधी उलट घडते. मेलचा शेवटचा बाइट सर्व्हरपर्यंत पोहोचतो, सर्व्हर मेल स्वीकारून पुढे पाठवतो, आणि "मिळाला" हे उत्तर परत येण्याच्या आत जोडणी तुटते. आउटलुकच्या दृष्टीने मेल गेलेलाच नसतो, म्हणून पुढच्या खेपेला ते तोच मेल पुन्हा पाठवते. समोरच्याला एकाच मेलच्या तीन-चार प्रती मिळतात आणि इकडे आउटबॉक्स तसाच भरलेला दिसतो. रत्नागिरीच्या एका ओळखीच्या आंबा बागायतदाराची एकच मागणी याच कारणाने चार वेळा नोंदली गेली होती, आणि नंतरचा फोनवरचा खुलासा मेलपेक्षा लांब झाला. अडकलेला मेल पुन्हा पाठवण्यापूर्वी म्हणूनच समोरच्याला विचारून घ्यावे.

मेल लहान करणे शक्य नसेल तर

एखादा नकाशा किंवा सहीचा दस्तऐवज आहे त्याच आकारात पाठवावा लागतो. तो सर्व्हरच्या मर्यादेत बसत असेल आणि फक्त जोडणी संथ असेल, तर आउटलुकची वाट पाहण्याची मुदत वाढवून पाहता येते. विंडोजच्या `Control Panel` मधील `Mail` उघडून आपल्या खात्याच्या `More Settings` मध्ये `Advanced` हा भाग काढावा. तेथे `Server Timeouts` ही सरकपट्टी मिळते. ती मुळात एका मिनिटावर असते आणि दहा मिनिटांपर्यंत नेता येते. तुटणारी जोडणी याने जोडली जात नाही. फक्त सर्व्हर उत्तर द्यायला वेळ लावत असेल, तर आउटलुक घाईने हात काढून घेत नाही. मर्यादेबाहेरचा मेल मात्र मुदत कितीही वाढवली तरी जाणार नाही. अशी फाइल ऑनलाइन ड्राइव्हवर चढवून मेलमध्ये तिचा दुवा देणे हाच मार्ग उरतो. ड्राइव्हवर चढवताना जोडणी तुटली तर पुष्कळदा तेथूनच पुढे चालू राहते, हा त्याचा वेगळा फायदा.

बिघडलेला मेल हटत नसेल तर

ऑफलाइन स्थितीतही जो मेल हलत नाही, तो निवडून `Shift+Delete` दाबावे, म्हणजे तो कचरापेटीत न जाता थेट पुसला जातो. तेही जमले नाही, तर आउटलुक सुरक्षित स्थितीत उघडून पाहावे, कारण एखादे अँटिव्हायरस किंवा अन्य जोड-प्रोग्रॅम त्या मेलला धरून बसलेला असू शकतो. आउटलुक बंद करून `Windows+R` दाबावे आणि पुढील आज्ञा लिहावी.

```
outlook.exe /safe
```

येथे मेल पुसता आला, तर दोष जोड-प्रोग्रॅमचा होता असे समजावे. तो `File` मधील `Options`, त्यातील `Add-ins` येथून एकेक करून बंद करून पाहता येतो.

सुरक्षित स्थितीतही मेल हटला नाही, तर डेटा फाइलच बिघडली असण्याचा संभव आहे. `File` मधून `Account Settings` उघडून त्यातील `Data Files` या भागात फाइलचे नाव आणि जागा पाहून लिहून ठेवावी. आउटलुक बंद करून त्या फाइलची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यावी. ही प्रत घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये. मग ऑफिसच्या फोल्डरमध्ये असलेले दुरुस्तीचे साधन चालवावे. नव्या ऑफिसमध्ये ते बहुधा येथे सापडते, आणि ३२ बिटचे ऑफिस असेल तर `Program Files` च्या जागी `Program Files (x86)` मध्ये पाहावे.

```
C:\Program Files\Microsoft Office\root\Office16\SCANPST.EXE
```

फाइल निवडून `Start` दाबावे आणि चुका सापडल्यास `Repair` करावे. एका फेरीत सगळे दुरुस्त होतेच असे नाही, म्हणून चुका सापडणे थांबेपर्यंत तेच पुन्हा करावे. फाइल मोठी असेल तर एकेक फेरी तासभरही चालू शकते. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवावा आणि वीज जाण्याच्या वेळा टाळाव्यात.

कधीकधी आउटबॉक्स पूर्ण रिकामा दिसतो आणि तरीही प्रगतीची चौकट एक मेल पाठवत असल्याचे सांगत राहते. ती बहुधा अडकलेली वाचन-पोच असते. समोरच्याने मागितलेली "मेल वाचला" अशी पोच आउटलुक आउटबॉक्समध्ये ठेवते, पण यादीत दाखवत नाही. `MFCMAPI` नावाच्या साधनाने ती पाहून पुसता येते, मात्र त्या साधनात चुकीची नोंद पुसणेही तितकेच सोपे असल्यामुळे ते काम जाणकाराकडून करून घ्यावे. पुन्हा तसे घडू नये, म्हणून `Options` मधील `Mail` या भागात पोच कधीही न पाठवण्याची निवड करता येते.

आणखी एक उपाय लोक एकमेकांना सुचवतात. आयमॅप खात्याची डेटा फाइल, म्हणजे `.ost` फाइल, पुसून टाका, आउटलुक ती सर्व्हरवरून पुन्हा बांधते. इनबॉक्स आणि पाठवलेल्या मेलांच्या बाबतीत हे खरे आहे, कारण त्यांची मूळ प्रत सर्व्हरवर असते. आउटबॉक्स मात्र सर्व्हरवर नसतोच. तो केवळ त्या फाइलमध्ये असतो. फाइल पुसली की न गेलेले सगळे मेल तिच्याबरोबर जातात आणि कोठूनही परत येत नाहीत. हा उपाय करायचाच असेल, तर आधी आउटबॉक्समधील प्रत्येक मेल डेस्कटॉपवरील फोल्डरमध्ये `.msg` म्हणून ओढून घ्यावा, त्या फाइलींची संख्या आउटबॉक्सच्या आकड्याशी ताडून पाहावी, आणि मगच `.ost` फाइलचे नाव बदलून ती बाजूला ठेवावी.